हेडलॅम्प लावून रात्री पळताना: उजेड जेवढा, वेग तेवढाच

रात्री पळायला लागून मला जेमतेम महिना झाला होता. रस्ता रोजचा, उतार ओळखीचा, आणि हेडलॅम्पची बॅटरी वाचवायची म्हणून मी तो सगळ्यात मंद मोडवर ठेवला होता. उतारावर पाय आपसूक सुटले. घड्याळात किलोमीटरला ५ मिनिटांचा पेस दिसला आणि मी खूश झाले. त्याच खुशीत एक खड्डा आला. तो मला दिसला, अगदी नीट दिसला, पण दिसला तेव्हा पाय उचलून झाला होता. गुडघा सोलवटला, तळहात खरवडले आणि पुढचे दोन आठवडे मी पळणाऱ्या मंडळींना फक्त पाण्याच्या बाटल्या देत होते.

नंतर घरी बसून हिशोब केला. मंद मोडवर मला जमीन ओळखू येत होती साधारण ५ मीटरपर्यंत. ५ मिनिटांच्या पेसने माणूस सेकंदाला सव्वातीन मीटरच्या थोडा वर जातो. म्हणजे खड्डा दिसणे आणि खड्ड्यात पाय पडणे यांत माझ्याकडे दीड सेकंद होता. रस्ता चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता, मी माझ्या उजेडाच्या पुढे पळत होते.

नवीन माणसाला रात्रीच्या पळण्याबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगते. दिवसा वेग ठरवतो तुमचा दम, रात्री तो ठरवतो तुमच्या दिव्याचा पल्ला. त्यामुळे सुरुवात बूट किंवा जॅकेटपासून न करता हा पल्ला मोजण्यापासून करू.

पहिली पायरी: आपल्या दिव्याचा खरा पल्ला मोजा

हेडलॅम्पच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: लुमेन आणि मीटर. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. तो उजेड एका जागी एकवटला आहे की सगळीकडे पसरला आहे, हे त्यावरून कळत नाही. मीटरचा आकडा जास्त फसवा असतो. '१०० मीटर' असे लिहिलेले असेल तर टॉर्च आणि हेडलॅम्प मोजण्याच्या प्रचलित एफएल-१ मानकानुसार त्याचा अर्थ इतकाच, की १०० मीटरवर पाव लक्स उजेड शिल्लक राहतो. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. चांदण्यात झाड दिसते, मोकळी वाट दिसते. वाटेच्याच रंगाचा मुठीएवढा दगड पळताना दिसत नाही.

किती तास चालेल या आकड्याचेही तसेच आहे. त्याच मानकात दिवा सुरुवातीच्या उजेडाच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे शेवटचा तासभर दिवा 'चालू' असतो, पण तो पळण्याच्या कामाचा राहिलेला नसतो.

म्हणून स्वतः मोजायचे. रहदारी नसलेली, अंधारी, सपाट जागा शोधा. जमिनीशी रंग जुळणारा मुठीएवढा दगड घ्या आणि मध्यभागी ठेवा. तीसेक मीटर लांब जा, हेडलॅम्प मधल्या मोडवर लावा आणि दगडाच्या दिशेने चालत या. 'तिथे काहीतरी आहे' इथे थांबू नका. 'हा दगडच आहे, डाग किंवा पान नाही' अशी खात्री होईल तिथे थांबा आणि तिथून दगडापर्यंत पावले मोजा. चालतानाचे पाऊल बहुतेकांचे ०.७ मीटरच्या आसपास असते, तुमचे वेगळे असेल तर तो आकडा घ्या. आता या अंतरातून पाव भाग वजा करा, कारण दगड कुठे आहे हे तुम्हाला आधीच माहीत होते. खरा खड्डा तसा निरोप देऊन येत नाही.

माझ्या सध्याच्या दिव्याचे आकडे असे आले. मंद मोडवर १० पावले, म्हणजे ७ मीटर, पाव भाग वजा जाता ५ मीटरच्या जरा वर. मधल्या मोडवर १७ पावले, म्हणजे १२ मीटर, वजा जाता ९. पूर्ण उजेडावर २६ पावले, म्हणजे १८ मीटर, वजा जाता साडेतेरा.

दुसरी पायरी: पल्ल्यावरून वेग काढा

माझा नियम तीन सेकंदांचा आहे. जमिनीवरची गोष्ट ओळखू आल्यापासून ती पायाखाली येईपर्यंत किमान तीन सेकंद मिळाले पाहिजेत. पहिला सेकंद डोळ्याने पाहून डोक्याने ओळखण्यात जातो, दमलेले असाल तर थोडा जास्तच. उरलेल्या दोन सेकंदांत पाच-सहा पावले पडतात. तेवढ्यात पाऊल आखूड करता येते, बाजूला सरकता येते, किंवा चक्क थांबता येते. हा काही कुठल्या संस्थेचा नियम नाही. मी तो पडून शिकले, आणि ज्यांना दिला त्यांना तो उपयोगी पडला.

हिशोब सोपा आहे. ५० ला तुमच्या पेसने भागा, तीन सेकंदांत तुम्ही किती मीटर जाता ते मिळेल. किलोमीटरला ६ मिनिटांचा पेस असेल तर ५० भागिले ६, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या किंचित वर. ७ मिनिटांचा असेल तर ७ मीटर. उलटाही करता येतो: ५० ला दिव्याच्या पल्ल्याने भागले की त्या उजेडात पळता येईल असा सर्वांत जोरातला पेस मिळतो.

माझ्या दिव्याला लावून पाहा. मधल्या मोडवर ९ मीटर, म्हणजे ५० भागिले ९, साधारण साडेपाच मिनिटांचा पेस. माझे रोजचे आरामाचे पळणे साडेसहाच्या आसपास असते, त्यामुळे मधला मोड पुरतो. मंद मोडवर ५० भागिले ५, म्हणजे किलोमीटरला १० मिनिटे. हा पळण्याचा वेगच नव्हे, भरभर चालण्यापेक्षा थोडा जास्त. तरीही मी त्या रात्री त्याच मोडवर ५ मिनिटांच्या पेसने उतारावरून सुटले होते. पूर्ण उजेडात आकडा पावणेचारच्या आत येतो, म्हणजे माझ्या बाबतीत तिथे पाय थकतील, उजेड कमी पडणार नाही. पण पूर्ण उजेडावर बॅटरी लवकर संपते, आणि बरेच दिवे तापू लागले की काही मिनिटांनी स्वतःच उजेड उतरवतात. त्यामुळे तो मोड उतारासाठी आणि शंका आली तर पाहण्यासाठी राखून ठेवायचा.

यातून एक सवय लावून घ्या: चढावर मंद, सपाटीवर मधला, उतार दिसला की उतरायच्या आधी एक टप्पा वर. बॅटरी वाचवायची जागा चढ आहे, कारण तिथे तुम्ही हळूच असता. नवीन लोक बरोबर उलटे करतात. चढावर दम लागतो म्हणून घाबरून उजेड वाढवतात आणि उतारावर मोकळे झाल्यासारखे वाटून दिव्याकडे लक्षच देत नाहीत.

ओल्या डांबरी रस्त्यावर हा हिशोब कोसळतो. कोरडा रस्ता तुमच्या दिव्याचा काही उजेड परत तुमच्याकडे पाठवतो. ओला रस्ता आरशासारखा वागतो आणि उजेड पुढे ढकलून देतो. दिवा पूर्ण चार्ज असूनही समोर काळेभोर दिसते आणि डबके व गुळगुळीत डांबर यांतला फरक कळत नाही. पाऊस पडून गेल्यावर माझ्या ९ मीटरचे मी सरळ ५ धरते.

तिसरी पायरी: दिवा डोक्यावर नीट बसवा

पट्टा कानांच्या वरून मागे डोक्याच्या फुगीर भागाखाली जाईल असा बसवा. दोन बोटे जातील इतका सैल ठेवा. फार आवळला तर अर्ध्या तासात कपाळ ठणकू लागते आणि ढिला राहिला तर प्रत्येक पावलाला उजेड वरखाली उडतो. उडणारा उजेड नुसता त्रासदायक नसतो, त्यात दगड ओळखायला जास्त वेळ लागतो. दिवा जड असेल तर बॅटरी डोक्यामागे असलेला प्रकार कमी हलतो. टोपी घालत असाल तर तिची पुढची झापड दिव्याखाली येऊन पायापुढच्या जागेवर सावली पाडते, म्हणून टोपी उलटी फिरवा.

मग कोन. आरामात पळताना डोके जसे असते तसे धरा आणि सगळ्यात उजळ ठिपका रस्त्यावर ८ ते १० मीटर पुढे, ट्रेलवर, म्हणजे रानातल्या कच्च्या पायवाटेवर, ४ ते ५ मीटर पुढे पडेल असा दिवा वाकवा. दिवा वाकवायचा, मान नाही. चुकीच्या कोनात दिवा लावून तासभर पळालेला माणूस दुसऱ्या दिवशी मान धरून फिरतो आणि दोष देतो उशीला. ठिपक्यावर नजर खिळवून ठेवू नका. दर काही पावलांनी नजर उजेडाच्या टोकापर्यंत नेऊन परत आणा. पुढे काय येते आहे ते टोकाला कळते, जवळ फक्त त्याची खात्री करायची असते.

चौथी पायरी: 'मला दिसते' आणि 'मी दिसते' ही दोन वेगळी कामे

डोक्यावर लख्ख दिवा असला की वाटते, आता मी सगळ्यांना दिसतच असणार. रात्रीच्या रस्त्यावरचा हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. पायी चालणारे आणि पळणारे लोक आपण ड्रायव्हरला किती लांबून दिसतो याचा अंदाज नेहमी फुगवून सांगतात, हे प्रयोगांतून वारंवार दिसून आलेले आहे. कारण सरळ आहे: आपल्याला गाडीचे दिवे दुरून दिसतात, म्हणून आपणही दुरून दिसत असू असे वाटते.

ड्रायव्हरच्या जागी बसून पाहा. गाडी ताशी ६० किलोमीटरने येते आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. तुम्ही दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला तर गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटरच्या आसपास लागतात. एकूण ४५ मीटर. दिवे डिपरवर असताना ड्रायव्हरला रस्ता बरा दिसतो तो साधारण ४० ते ६० मीटर, आणि गडद कपड्यांतला माणूस त्याहून बराच अलीकडे आल्यावर दिसतो. मागून येणाऱ्या गाडीला तुमचा हेडलॅम्प दिसतच नाही. समोरच्याला दिसतो तो एक पांढरा ठिपका. तो लांबची मोटरसायकल आहे, घरावरचा बल्ब आहे की माणूस, हे ठिपक्यावरून कळत नाही.

माणूस ओळखू येतो तो हालचालीवरून. म्हणून रिफ्लेक्टर छातीपेक्षा आधी घोट्यांवर आणि गुडघ्यांवर लावा. पळताना घोटे वरखाली, पुढेमागे होतात, आणि दोन चमकते ठिपके असे हलताना दिसले की ड्रायव्हरच्या डोक्यात क्षणात 'माणूस!' असे उमटते. नुसती छातीवरची पट्टी लांबून खांबावरच्या पाटीसारखी दिसू शकते. मनगटांवर आणखी दोन लावले तर चित्र पूर्ण होते. एकच जोडी घ्यायची असेल तर घोट्यांची घ्या.

रंगाबद्दल थोडे. भडक पोपटी किंवा नारिंगी जॅकेट दिवसा आणि संध्याकाळी उपयोगी असते. तो फ्लूरोसंट रंग उजळतो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे, आणि रात्री ते नसतात. रात्री काम करते ती रिफ्लेक्टरची राखाडी पट्टी, जी गाडीचा उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवते. म्हणूनच तुमच्या हेडलॅम्पच्या उजेडात सोबत्याची पट्टी लखलखते, आणि हेडलॅम्प नसलेल्या तिसऱ्या माणसाला ती निस्तेज वाटते. पट्टीवर चिखल बसला किंवा धुऊन धुऊन तिची पापुद्री उडाली की ती काम करत नाही. फोनचा फ्लॅश लावून फोटो काढला की पट्टी अजून जिवंत आहे की नाही ते लगेच कळते.

पाठीला, कमरेच्या वर, एक छोटा लाल दिवा लावा. मागचा लाल दिवा लुकलुकता चालतो. पुढचा पांढरा दिवा मात्र लुकलुकता ठेवू नका. त्यात तुम्हालाही जमीन तुकड्या-तुकड्यांत दिसते आणि समोरच्याला तुमचे अंतर ओळखता येत नाही.

पाचवी पायरी: गाडी येते तेव्हा नेमके काय करायचे

फुटपाथ नसेल तर रहदारी तुमच्या समोरून येईल त्या बाजूने पळा. म्हणजे धोका दिसतो आणि बाजूला होता येते. मागून येणारी गाडी फक्त ऐकू येते, आणि हल्लीच्या काही गाड्या तर ऐकूही येत नाहीत. इयरफोन घरी ठेवा, एका कानातलासुद्धा.

समोरून दिवे दिसले की नजर त्या दिव्यांवरून काढून रस्त्याच्या कडेवर न्या. हेडलॅम्पवर तळहात आडवा धरा किंवा तो खाली वाकवा. ड्रायव्हरच्या डोळ्यांत उजेड मारून तुम्ही जास्त सुरक्षित होत नाही, त्याला आंधळे करता. वेग चालण्यावर आणा, कडेला या, गाडी जाऊ द्या. ती गेल्यावर लगेच सुटू नका. दिपलेले डोळे परत जमिनीवर यायला काही सेकंद लागतात. मी मनात दहा मोजते. या दहा आकड्यांत लोक सर्वांत जास्त ठेचाळतात, कारण गाडी गेली की जीव सुटल्यासारखा वाटतो आणि पाय आपोआप पळू लागतात.

एक प्रसंग खास धोक्याचा आहे. दोन गाड्या समोरासमोरून येऊन तुमच्या जवळच एकमेकींना ओलांडणार असतील, तर दोन्ही ड्रायव्हर एकमेकांच्या उजेडात दिपलेले असतात आणि तुम्ही नेमके त्या दोन उजेडांच्या मध्ये सापडता. अशा वेळी रिफ्लेक्टरवर विसंबू नका. रस्ता सोडून खाली उतरा आणि उभे राहा. पाच सेकंदांचे काम आहे.

आंधळ्या वळणावरही तसेच. वळणाच्या आतल्या कडेला असाल तर ड्रायव्हरला तुम्ही अगदी शेवटी दिसता. वळण यायच्या बरेच आधी, दोन्हीकडचे दिसत असताना रस्ता ओलांडून बाहेरच्या कडेला जा आणि वळण सरल्यावर परत या.

सहावी पायरी: पहिल्या तीन रात्री, एकच रस्ता

पहिल्या रात्रीसाठी असा रस्ता निवडा जो दिवसा किमान दोनदा पळून झाला आहे. दिवसा पळताना खड्डे, गतिरोधक, उघडी गटारे, कुत्री बसतात ते कोपरे मनात नोंदवून ठेवा. गोल फेरीऐवजी गेल्या वाटेने परत येणारा रस्ता घ्या, म्हणजे परतीला सगळे एकदा पाहिलेले असते.

वेळ ठरवायची, अंतर नाही. समजा ४० मिनिटे. निघताना घरच्यांना रस्ता आणि परतीची वेळ सांगा, आणि त्या वेळेनंतर १५ मिनिटांत फोन आला नाही तर त्यांनी काय करायचे तेही सांगा. 'जाऊन येते' एवढे पुरत नाही.

पहिली ८-१० मिनिटे चाला. उजेडाच्या खोलीतून बाहेर पडल्यावर डोळ्यांना अंधाराची पहिली सवय व्हायला साधारण एवढा वेळ लागतो. पूर्ण सवय व्हायला अर्धा तास लागतो, पण हेडलॅम्प चालू असताना ती पूर्ण होतही नाही, आणि व्हायची गरजही नसते. मधे फोनचा पांढरा पडदा पाहिलात तर मात्र थोडेफार जमलेलेही पुसले जाते.

मग १२ मिनिटे हळू पळा, इतके हळू की सबंध वाक्य न अडखळता बोलता येईल. इथे एक गंमत होते. रात्री तुम्हाला फक्त पायांजवळची जमीन दिसते, आणि जवळची जमीन लांबच्या झाडांपेक्षा झपाट्याने मागे पळते. त्यामुळे वेग खरा असतो त्यापेक्षा जास्त वाटतो. घड्याळ पाहिले की कळते, आपण दिवसापेक्षा किलोमीटरमागे अर्धा मिनिट हळू आहोत. नव्या माणसाला हा आकडा झोंबतो आणि तो जोर लावतो. लावू नका. रस्त्यावर अर्धा मिनिट आणि ट्रेलवर मिनिटभर किंवा अधिक हळू असणे हे रात्रीचे नेहमीचे गणित आहे. किलोमीटर झाल्यावर घड्याळ थरथरते तेवढे पुरे. पळता पळता उजळ घड्याळात पाहणे म्हणजे तीन-चार पावले डोळे मिटून टाकणे.

पळायला लागून १२ मिनिटे झाली की वळा आणि तेवढाच वेळ परत पळा. उरलेल्या मिनिटांत चाला. घरी आल्यावर एकच प्रश्न विचारा: किती वेळा पाऊल पडल्यानंतर कळले की तिथे काहीतरी होते? एकदाही नाही, तर वेग बरोबर होता. दोन-तीनदा झाले असेल तर दिवा एक टप्पा वर किंवा पेस किलोमीटरमागे अर्धा मिनिट हळू. तीन रात्री तोच रस्ता, तोच वेळ. चौथ्या रात्री हवे तर १० मिनिटे वाढवा.

लांब पळायला लागलात की परतीची वेळ बॅटरीवरून ठरवा. ज्या मोडवर पळता त्या मोडवर दिवा खरोखर किती वेळ कामाचा उजेड देतो हे एकदा घरी लावून ठेवून पाहा. त्याच्या एक तृतीयांश वेळेला मागे फिरा. एक तृतीयांश परतीला, आणि उरलेला पाय मुरगळून चालत यावे लागले तर. काही दिवे शेवटपर्यंत सारखा उजेड देतात आणि मग एकदम कोसळतात, काही हळूहळू मंद होत जातात. दुसरा प्रकार जास्त फसवा. डोळे मंद उजेडाला सरावत जातात आणि ९ मीटरचा पल्ला ६ वर आलाय हे कळतच नाही. अचानक जास्त ठेचाळू लागलात तर आधी दिव्याकडे संशयाने पाहा, पायांकडे नंतर. थंडीत बॅटरी आणखी लवकर उतरते.

ट्रेलवर जायच्या आधी: हातात दुसरा दिवा

हेडलॅम्पची मोठी अडचण अशी की तो डोळ्यांच्या अगदी जवळ असतो. उजेड आणि नजर एकाच रेषेतून गेली की वस्तूची सावली वस्तूच्याच मागे लपते. सावली नाही म्हणजे उंची-खोली कळत नाही. मूळ, दगड, खळगा सगळे सपाट चित्रासारखे दिसते. डांबरी रस्त्यावर हे खपून जाते. ट्रेलवर घोटा मुरगळण्याचे हे एक मोठे कारण असते.

उपाय साधा आहे. एक छोटी टॉर्च हातात धरा किंवा कमरेच्या पट्ट्याला दिवा लावा. खालून तिरका उजेड पडला की प्रत्येक दगडामागे लांब काळी सावली पडते आणि जमीन लगेच उंचसखल दिसू लागते. विश्वास बसत नसेल तर वाटेवर उभे राहून आधी फक्त हेडलॅम्प लावा, मग तो बंद करून टॉर्च कमरेजवळ धरा. फरक पाहून बहुतेक जण तिथेच 'अरेच्चा' म्हणतात. धुके, धूळ किंवा थंडीत तोंडातून निघणारी वाफ असेल तर हेडलॅम्प समोर पांढरी भिंत उभी करतो. तेव्हा उजेड वाढवला तर भिंत आणखी पांढरी होते. हेडलॅम्प मंद करा किंवा बंद करा आणि हातातल्या टॉर्चवर या. तीच टॉर्च हेडलॅम्प बिघडला तर तुमचा राखीव दिवा होते, आणि अंधारात बॅटरी बदलायलाही उजेड लागतोच.

वाटेत चमकणारे डोळे दिसतील. कुत्री, मांजरे, गुरे, रानातली बरीचशी जनावरे यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो, तो उजेड परत पाठवतो. माणसाचे डोळे असे चमकत नाहीत. डोळे दिसले की पळणे थांबवून चाला. पळणाऱ्याच्या मागे लागणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे. उजेड त्याच्या डोळ्यांत न मारता तुमच्या दोघांमधल्या जमिनीवर ठेवा आणि पाठ न दाखवता बाजूने जा. सापाचे डोळे मात्र असे चमकून सावध करत नाहीत. दिवसभर तापलेल्या वाटेवर रात्री साप ऊब घेत पडलेला असू शकतो, म्हणून आडवी काठी किंवा दोरीसारखे काही दिसले तर उडी मारून ओलांडू नका. थांबा, पूर्ण उजेड टाका, मग ठरवा.

वाट चुकण्याचे एक लक्षण लवकर कळते: पायाखालची जमीन बदलते. घट्ट मातीऐवजी गवत किंवा सुटी पाने लागू लागली की लगेच थांबा. 'पुढे मिळेल' म्हणून जाऊ नका. उलट फिरून शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत चालत या. यासाठीच जाताना दर दुफाट्यावर एकदा मागे वळून उजेड टाकायचा, कारण तीच वाट उलट्या दिशेने ओळखू येत नाही. दुखापत होऊन अडकलात आणि फोन लागत नसेल, तर दिव्याने एका मिनिटात सहा वेळा समान अंतराने उघडझाप करा, मग एक मिनिट थांबा, आणि हे चालू ठेवा. डोंगरात मदतीची ही ठरलेली खूण आहे. तिला उत्तर म्हणून मिनिटाला तीन वेळा उजेड दिसतो.

परत आल्यावर दिवा लगेच चार्जिंगला लावा आणि पट्टा घामाने खारट झाला असेल तर धुऊन टाका. पिशवीत ठेवताना बटण कुलूपबंद करायची सोय असेल तर ती वापरा. माझा दिवा एकदा पिशवीत दाबला जाऊन दिवसभर कपड्यांना उजेड देत बसला होता, आणि संध्याकाळी मी चालतच घरी आले.